ओटीपी पाहून परत येईपर्यंत फॉर्म कोरा

आधार क्रमांक टाकून झाला, पत्ता भरून झाला, बँकेच्या खात्याचे आकडे दोनदा तपासून झाले. मग ‘ओटीपी पाठवा’ दाबलं, मेसेज उघडले, सहा आकडे मनात घोकत परत फॉर्मकडे आलं, तर समोर अ‍ॅपचा लोगो गोल गोल फिरतोय आणि फॉर्म पहिल्यापासून कोरा. दोन-तीन जीबी रॅमचा फोन वापरणाऱ्या घरांत हे रोज घडतं. दोष कधी नेटवर्कला जातो, कधी सरकारी वेबसाइटला, तर कधी ‘तुला नीट येत नाही’ म्हणून फॉर्म भरणाऱ्या आईला.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकदा थेट रस्त्यावर आला होता. अंगणवाडी सेविकांना 2019 मध्ये कामासाठी सरकारी फोन मिळाले. त्यांची रॅम होती 2 जीबी. पुढे 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं अ‍ॅप आलं आणि बालकांच्या नोंदी त्यात करायच्या ठरल्या. फोन तापतो, अडकतो, अ‍ॅप नीट चालत नाही, शिवाय ते इंग्रजीत आहे, अशा तक्रारी करत त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी हे फोन परत केले. त्या आंदोलनात इतर मागण्याही होत्या. पण दोन वर्षांपूर्वीचा फोन आणि नवं अ‍ॅप यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट तेव्हा कुठल्याही तांत्रिक अहवालाशिवाय गावोगावी कळली.

फोनच्या पोटात नेमकं काय होतं? खोक्यावर 2 जीबी, म्हणजे 2048 एमबी लिहिलेलं असलं, तरी त्यातला काही भाग फोनचं हार्डवेअर सुरुवातीलाच स्वतःसाठी राखून ठेवतो. उरलेल्या भागात अँड्रॉइड स्वतः राहतं, वरची सूचनांची पट्टी राहते, गूगल प्ले सर्व्हिसेस, होम स्क्रीन आणि कीबोर्ड राहतात. ढोबळ मानाने एक जीबी तर वापरणाऱ्याने काहीही उघडण्याआधीच भरलेला असतो. बाकीच्या सात-आठशे एमबीत फॉर्म, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप आणि कॅमेरा यांनी आपापसांत भागवायचं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅलरीतले शुभप्रभातचे फोटो उडवले की रॅम मोकळी होते, असं अनेकांना वाटतं. फोटो राहतात ते स्टोरेजमध्ये, म्हणजे 32 किंवा 64 जीबी लिहिलेल्या कप्प्यात. तो काठोकाठ भरला तर फोन रडतखडत चालतो हे खरं, म्हणून तिथे थोडी जागा मोकळी ठेवावीच. पण चालू अ‍ॅप बंद पडतं ते रॅम संपल्यामुळे, आणि तो हिशेब पूर्णपणे वेगळा आहे.

रॅम कमी पडू लागली की अँड्रॉइड आधी जागा वाचवायचा प्रयत्न करतं. न वापरलेली माहिती दाबून लहान करतं आणि रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतं. याला झीरॅम म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही, की lmkd नावाचा कार्यक्रम कामाला लागतो. नाव नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण ओटीपीच्या वेळी फॉर्म गायब करणारा बहुतेकदा हाच असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेला अँड्रॉइडने एक गुण दिलेला असतो. गुण जितका जास्त, तितकी तिची गच्छंती लवकर. स्क्रीनवर समोर असलेल्या अ‍ॅपचा गुण 0. गाणी वाजवणाऱ्या, म्हणजे न दिसताही माणसाला जाणवणाऱ्या कामाचा साधारण 200. होम स्क्रीनचा 600. आपण नुकतंच सोडून आलो त्या अ‍ॅपचा 700. आणि केव्हातरी उघडून विसरलेली, आता काहीच करत नसलेली अ‍ॅप 900 ते 999 यांच्या दरम्यान असतात.

ओटीपीचं कोडं याच आकड्यांत सुटतं. फॉर्म समोर असताना त्याचा गुण 0 असतो, त्याला सहसा कोणी हात लावत नाही. मेसेज उघडताच मेसेज 0 वर येतात आणि फॉर्म 700 वर फेकला जातो. मेसेजच्या अ‍ॅपला जागा हवी, म्हणून 900 च्या पुढची सगळी अ‍ॅप काढली जातात. तरीही पुरलं नाही, तर पाळी येते 700 ची.

आणि ही पाळी कधीकधी आणखी पुढे जाते. मेसेज बंद करून होम स्क्रीनवर आल्यावर चिन्हं क्षणभर दिसतच नाहीत, मग एकेक करून उगवतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. याचा अर्थ 600 गुणांची होम स्क्रीनसुद्धा मारली गेली होती आणि ती नव्याने उभी राहतेय. असं वारंवार दिसत असेल तर रॅमची तंगी आहे, हे निदान पक्कं समजायला हरकत नाही.

मात्र प्रत्येक बंद पडणं रॅममुळे नसतं, आणि उपाय करण्याआधी हे ओळखणं आवश्यक आहे. रॅमसाठी काढलेलं अ‍ॅप गुपचूप जातं. कुठलाही निरोप येत नाही, परत गेल्यावर ते फक्त पहिल्यापासून सुरू होतं. अ‍ॅप वारंवार बंद पडत असल्याचा निरोप स्क्रीनवर येत असेल, तर दोष त्या अ‍ॅपच्या आतला आहे. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू या घटकात बिघाड झाला आणि जीमेलसह अनेक अ‍ॅप उघडताच कोसळू लागली. भरपूर रॅमचे महागडे फोनही त्यातून सुटले नाहीत. शेवटी गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम यांचे अपडेट दिले तेव्हा ते थांबलं. तिसरा प्रकार बॅटरी वाचवण्याच्या उत्साहाचा. काही कंपन्यांचे फोन स्क्रीन बंद झाल्यावर थोड्याच वेळात मागची अ‍ॅप स्वतःहून बंद करतात. मेसेज उशिरा येणं, चालण्याची नोंद मध्येच थांबणं ही त्याची लक्षणं. तिथे रॅमवर उपाय करून काहीच फरक पडत नाही. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन बंधन सैल करावं लागतं.

निदान रॅमचंच निघालं, की बहुतेक जण सगळ्यात आधी एकच गोष्ट करतात. चौकोनाचं बटण दाबून अलीकडची सगळी अ‍ॅप सरकवून टाकतात. दिवसातून दहा वेळा. हाताला चाळा म्हणून ठीक आहे, उपाय म्हणून तो फसवा आहे. त्या यादीतली बरीच अ‍ॅप मुळात चालूच नसतात, तिथे त्यांचं नुसतं चित्र असतं. जी खरोखर रॅममध्ये असतात ती 900 च्या पुढची, म्हणजे गरज पडताच lmkd ज्यांना आधी काढणारच होता ती. उलट थोड्या वेळाने तेच अ‍ॅप उघडायचं असेल, तर ते शून्यापासून उभं करायला जास्त वेळ आणि बॅटरी लागते. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनी 2016 मध्ये ट्विटरवर हेच सांगितलं होतं, की अशा सरकवण्याने बॅटरीचा फायदा होत नाही, झालाच तर किंचित तोटा होतो.

रॅम साफ करून देणाऱ्या अ‍ॅपची गोष्ट याहून वाईट. रॅम साफ करायला ते स्वतः सतत रॅममध्ये बसून राहतं. अँड्रॉइड 14 पासून तर गूगलने अशा अ‍ॅपचे हातच बांधले आहेत. इतरांच्या मागच्या प्रक्रिया थांबवण्याची जी सोय ती वापरत, तिने आता फक्त स्वतःच्याच प्रक्रिया थांबवता येतात. तरीही हिरवा टक्केवारीचा गोल फिरवून ‘इतकी मेमरी मोकळी झाली’ सांगणारी अ‍ॅप दिसतातच. ती काढून टाकणं हाच त्यांचा सगळ्यात मोठा उपयोग.

मग भार खरंच कमी कुठून करायचा? उत्तर गुणांच्या उतरंडीत वरच्या बाजूला आहे. सहज निघणारी अ‍ॅप त्रास देत नाहीत. त्रास देतात ती न निघणारी. एसटीत आरक्षण असलेल्यांनी सगळ्या जागा अडवल्या, की उभ्या माणसाला उतरवून कितीशी जागा होणार? फोनमध्येही काही अ‍ॅपनी असं आरक्षण मिळवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते वापरणाऱ्यानेच कधीतरी ‘Allow’ दाबून दिलेलं असतं.

सेटिंगमधली Accessibility ही यादी पहिली उघडावी. दृष्टी किंवा हालचाल कमी असलेल्यांसाठी ती अत्यंत मोलाची सोय आहे. पण अ‍ॅपला कुलूप लावणारं अ‍ॅप, कॉल रेकॉर्ड करणारं अ‍ॅप, स्क्रीनवर आपोआप टिचक्या मारणारं अ‍ॅप अशी मंडळीही तिथे शिरून बसतात. इथे परवानगी मिळालेलं अ‍ॅप खुद्द अँड्रॉइडशी जोडलेलं राहतं, म्हणून जागा कमी पडली तरी त्याला सहसा धक्का लागत नाही. त्याऐवजी फॉर्मचा बळी जातो. Special app access खाली Notification access नावाची यादी असते. स्मार्ट घड्याळ कधीच फुटलं तरी त्याचं अ‍ॅप तिथे सूचना वाचत बसलेलं सापडतं. हलणारा वॉलपेपर, नंतर बसवलेली सुंदर होम स्क्रीन, हवामानाचे विजेट, स्क्रीनच्या कडेला तरंगणारा गोळा या सगळ्यांचा जातकुळीने हाच प्रकार. अँड्रॉइड 13 पासून सूचनांची पट्टी पूर्ण खाली ओढली, की तळाशी Active apps दिसतं. सतत चालू असलेली कामं तिथे नावानिशी कळतात आणि Stop दाबून थांबवता येतात.

फोनसोबत आलेली, कधीच न उघडलेली अ‍ॅप काढता येत नसली तरी App info मध्ये जाऊन Disable करता येतात. बातम्यांची लॉक स्क्रीन, दुसरं अ‍ॅप स्टोअर, गेमचं दुकान यांना तिथे निरोप द्यावा. ज्याचं नाव कळत नाही, त्याला मात्र हात लावू नये. वेबव्ह्यू किंवा प्ले सर्व्हिसेस बंद केल्यावर जो गोंधळ उडतो, तो रॅमच्या तंगीपेक्षा मोठा असतो.

आकडे पाहायचे असतील तर थोडी वाट वाकडी करावी लागते. About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारली की Developer options हा नवा विभाग खुला होतो. काही फोनवर त्या ओळीचं नाव जरा वेगळं असतं. त्या विभागातल्या Running services मध्ये सिस्टिमने किती रॅम घेतली, अ‍ॅपनी किती, मोकळी किती हे दिसतं आणि खाली चालू अ‍ॅपची नावं येतात. तिथे अनोळखी किंवा नको असलेलं नाव दिसलं, की वरच्या याद्यांत ते कुठून शिरलं ते शोधायचं. पाहून झालं की बाहेर यावं. त्याच विभागात Background process limit असतं, आणि ते कमी करा असा सल्ला व्हिडिओंमध्ये हमखास मिळतो. मागची अ‍ॅप दोनवर आणली, तर ओटीपी पाहायला गेल्यावर फॉर्म टिकण्याची शक्यता आणखी घटते. Don't keep activities चालू केलं तर अनर्थच. सोडलेला प्रत्येक स्क्रीन तत्क्षणी नष्ट होतो. ती खिटी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आपलं अ‍ॅप तपासावं म्हणून ठेवलेली आहे.

तपासायची तरी का? कारण अँड्रॉइडच्या नियमानुसार अ‍ॅप मारलं जाण्याआधी त्याला आपली स्थिती जपून ठेवायची संधी मिळते. कुठल्या पानावर होतो, कुठल्या रकान्यात काय लिहिलं होतं, हे नीट जपलं, तर परत आल्यावर माणसाला काही झाल्याचं कळतही नाही. चांगली अ‍ॅप हे करतात. अनेक अ‍ॅप करत नाहीत, कारण ती बनवणाऱ्यांच्या टेबलावरच्या फोनमध्ये भरपूर रॅम असते आणि तिथे फॉर्म कधी मरतच नाही. कोऱ्या फॉर्मचं निम्मं पाप असं या न केलेल्या कामाचं आहे.

हे वापरणाऱ्याच्या हातात नाही. पण फॉर्मला 700 वर न जाऊ देणं हातात आहे. ओटीपी आला की मेसेज उघडण्याऐवजी वरून सूचनांची पट्टी नुसती खाली ओढावी, आकडे वाचावेत आणि पट्टी वर सारावी. पट्टी अँड्रॉइडचीच असल्यामुळे दुसरं अ‍ॅप उघडत नाही आणि फॉर्म जागचा हलत नाही. आकडे लांब सूचनेत लपले असतील तर सूचना दोन बोटांनी किंवा बाणावर टिचकी मारून तिथेच उलगडता येते.

फोटो जोडण्याची पायरी तर ओटीपीपेक्षाही अवघड. 13 मेगापिक्सेलचा फोटो स्टोरेजमध्ये चार-पाच एमबीचा दिसतो, कारण तो दाबून ठेवलेला असतो. स्क्रीनवर दाखवण्यासाठी तो पूर्ण उलगडला, तर प्रत्येक बिंदूला चार बाइट या हिशेबाने 1 कोटी 30 लाख बिंदूंना 52 एमबी लागतात. कॅमेरा चालू असताना अशा दृश्यांची रांगच रॅममध्ये तयार असते. म्हणून फॉर्मच्या आतून ‘फोटो काढा’ दाबलं, की कॅमेरा समोर येतो, मागे गेलेला फॉर्म मारला जातो आणि काढलेला फोटो स्वीकारायला कोणी उरत नाही. ज्या फॉर्मला जागेवरच काढलेला फोटो हवा असतो तिथे इलाज नाही. बाकी ठिकाणी सगळे फोटो आधी काढून, कापून, लहान करून ठेवावेत. मग फोन एकदा बंद करून चालू करावा, दोन मिनिटं थांबावं आणि फक्त फॉर्म उघडून फोटो गॅलरीतून निवडावेत. ब्राउझरमध्ये भरत असाल तर टॅब एकच ठेवावा.

आता हलक्या आवृत्त्यांकडे. कमी रॅमच्या फोनसाठी गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइड गो आणलं. ते सुरुवातीला 1 जीबी किंवा त्याहून कमी रॅमसाठी होतं. अँड्रॉइड 13 पर्यंत येताना त्याचीच किमान गरज 2 जीबी झाली, यावरून अ‍ॅपची भूक किती वाढली ते कळतं. फेसबुक लाइट 2015 मध्ये आलं तेव्हा एक एमबीपेक्षा लहान होतं. त्याची युक्ती अशी, की पान जुळवण्याचं बरंचसं काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि फोनला तयार निकाल मिळतो. इन्स्टाग्राम लाइट 2021 मध्ये सुमारे 2 एमबीत आलं, मूळ अ‍ॅप तेव्हा 30 एमबीच्या आसपास होतं. डाउनलोडचा आकार म्हणजे रॅमचा वापर नव्हे, तरी या बाबतीत दोन्ही बरोबरच घटतात. बदल्यात चित्रं जरा फिकी, फिल्टर कमी, काही सोयी गायब.

पण लाइट अ‍ॅपचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर असतं. यूट्यूब गो 2022 मध्ये बंद झालं. क्रोममधला लाइट मोडही त्याच वर्षी गेला. मेसेंजर लाइट 2023 मध्ये गुंडाळलं गेलं. ज्यांनी त्यांच्या भरवशावर स्वस्त फोन घेतला होता, त्यांना जड अ‍ॅपकडे परतावं लागलं. शिवाय प्रत्येकाची लाइट आवृत्ती असतेच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपची अधिकृत लाइट आवृत्ती नाही. त्या नावाने कोणी फाइल पाठवली तर ती बसवू नये.

त्यापेक्षा टिकाऊ पर्याय म्हणजे वेबसाइट. फ्लिपकार्टने 2015 मध्ये अ‍ॅपसारखीच चालणारी मोबाइल वेबसाइट काढली आणि 2017 मध्ये ट्विटर लाइट त्याच वाटेने आलं. क्रोममध्ये साइट उघडून वरच्या तीन ठिपक्यांमधून Add to Home screen निवडलं, की तिचं चिन्ह होम स्क्रीनवर बसतं. खरेदी, बातम्या, रेल्वे, वीजबिल अशी आठवड्यातून एकदा लागणारी सगळी कामं या पद्धतीने करता येतात. पान मिटलं की साइट मागे रेंगाळत नाही. मर्यादा एवढीच, की क्रोम स्वतः हलका नाही. दर तासाला लागणाऱ्या गोष्टीला अ‍ॅप बरं, क्वचित लागणारीला साइट. पैशांच्या व्यवहारासाठी यूपीआयचं एकच अ‍ॅप पुरतं, तीन ठेवायची गरज क्वचितच असते.

उरला प्रश्न आभासी रॅमचा. नव्या स्वस्त फोनच्या खोक्यावर ‘4+4 जीबी’ असं ठळक छापलेलं असतं. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे स्टोरेजचा उसना घेतलेला तुकडा, आणि स्वस्त फोनमधलं ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज रॅमच्या तुलनेत फारच हळू असतं. त्यामुळे फॉर्म कदाचित मरणार नाही, पण परत आल्यावर तो जागा व्हायला काही सेकंद घेईल आणि फोन मध्येच गोठल्यासारखा वाटेल. स्टोरेजवर वारंवार लिहिल्याने त्याची झीजही होते. तपासायची रीत साधी आहे. सेटिंगमध्ये ही सोय बंद करून फोन पुन्हा चालू करावा, दोन दिवस नेहमीसारखा वापरावा, मग परत चालू करून पाहावं. ज्यात होम स्क्रीनची चिन्हं कमी वेळा नव्याने उगवतात आणि कीबोर्ड अडत नाही, ती स्थिती ठेवावी. दुकानात फोन निवडताना मात्र अधिकच्या चिन्हाआधीचाच आकडा वाचायचा.